गाठ कमी झाल्याचा कागद आणि मूत्राशयात साठलेली लघवी

माझे वडील, आप्पा, वय ७२. गेली कित्येक वर्षे ते रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात. गेल्या वर्षी लघवीची धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागू लागला आणि रात्री चार-पाच वेळा उठावे लागू लागले, तेव्हा आम्ही त्यांना मूत्ररोगतज्ज्ञांकडे नेले. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वाढून ५७ ग्रॅम झालेली आणि लघवी करून झाल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी ११० मिली असा अहवाल आला. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पाहण्यासाठी तपासले जाणारे रक्तातील पीएसए त्यांच्या वयाच्या मानाने ठीक होते आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिनही १.१, म्हणजे ठीक होते. डॉक्टरांनी टॅमसुलोसिन व ड्युटास्टेराइड ही औषधे दिली. पहिले औषध मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते, त्यामुळे काही दिवसांतच फरक जाणवतो. दुसरे ग्रंथीचा आकार कमी करते, मात्र त्याला सहा महिने लागू शकतात, हे त्यांनी नीट समजावले आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावले.

टॅमसुलोसिनने आप्पांना पहाटे उठताना चक्कर येऊ लागली. ही त्या गोळीची माहीत असलेली अडचण आहे. आम्ही डॉक्टरांना विचारायला हवे होते, पण त्याच सुमारास फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी शहरातील एका हॉलमध्ये भरणाऱ्या शिबिराची माहिती दिली. तेथील माणसाने ‘विनाऑपरेशन प्रोस्टेटची गाठ विरघळवतो’ असे सांगून दोन्ही गोळ्या बंद करायला लावल्या आणि तीन महिन्यांच्या पुड्यांचे १८,५०० रुपये रोख घेतले. पावती दिली नाही. पुड्यांवर नाव नव्हते की घटक लिहिलेले नव्हते.

तीन महिन्यांनी त्याने स्वतःच सांगितलेल्या ठिकाणी सोनोग्राफी करून घेतली. आकार ४६ ग्रॅम निघाला आणि आप्पांचा आनंद गगनात मावेना. खरी फसवणूक येथेच झाली, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ग्रंथीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून त्यांचा गुणाकार ०.५२ ने गुणतात. दोन्ही अहवाल शेजारी ठेवल्यावर दिसले की पहिल्यात मापे ५.०, ४.८ आणि ४.६ सेंमी होती, तर दुसऱ्यात ४.६, ४.५ आणि ४.३. प्रत्येक माप तीन-चार मिलिमीटरने कमी धरले की अकरा ग्रॅम नाहीसे होतात, आणि एवढा फरक मोजणारा हात बदलल्यानेही पडू शकतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे लघवीनंतर उरलेल्या प्रमाणाची ओळ कोरी होती. त्रास केवळ आकारावरून ठरत नाही. लहान ग्रंथीही मार्ग अडवू शकते. मूत्राशय रिकामे होते की नाही हे ती कोरी ओळ सांगू शकली असती.

त्या काळात आप्पांचे कपडे रात्री नकळत ओले होऊ लागले होते. ‘गाठ विरघळून बाहेर पडते आहे,’ असे त्या माणसाने सांगितले. प्रत्यक्षात मूत्राशय काठोकाठ भरून लघवी ओघळत होती. मूत्राशय हळूहळू ताणले गेले की वेदना होत नाहीत, त्यामुळे घरात कुणालाच शंका आली नाही. पुढे भूक गेली, मळमळ सुरू झाली, पायांवर सूज आली आणि बेंबीखाली घट्ट फुगवटा हाताला लागू लागला. तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्या डॉक्टरांकडे धावलो. नळी घातल्यावर १,३०० मिली लघवी निघाली. क्रिएटिनिन ४.१ होते आणि दोन्ही मूत्रपिंडे फुगली होती. अडथळा सुटल्यानंतर लघवीचे प्रमाण एकदम वाढू शकते, म्हणून दोन दिवस भरती ठेवून ते मोजत सलाईनने भरपाई केली.

मूत्रपिंडांवर परिणाम झाल्यावर केवळ गोळ्यांवर थांबता येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तीन आठवडे नळी ठेवून क्रिएटिनिन १.७ वर आल्यावर कमरेत भूल देऊन, मूत्रमार्गातून दुर्बिणीने अडथळा करणारा भाग काढला. काढलेला तुकडा तपासणीला गेला. त्यात कर्करोग निघाला नाही. आज धार चांगली आहे, उरलेली लघवी ८० मिली आहे, पण क्रिएटिनिन १.६ च्या खाली उतरलेले नाही. वेळेवर उपचार झाले असते तर कदाचित गोळ्यांवरच भागले असते, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या यादीत प्रोस्टेट ग्रंथीचे विकार आहेत, म्हणजे ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात करणे गुन्हा आहे. शिबिराचे पत्रक, शिल्लक राहिलेल्या अकरा पुड्या आणि दोन्ही सोनोग्राफी अहवालांच्या प्रती मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारीसोबत दिल्या आहेत. त्याच शिबिरातून पुड्या घेतलेल्या कुणाच्या घरी वडीलधाऱ्यांचे कपडे ओले होत असतील, तर कृपया आजच त्यांची लघवीनंतरची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे.