लॅक्टेट मीटर, सात महिने वापरून: मशीन चांगलं, घाम बेकार

बोटाला टोचून रक्तातलं लॅक्टेट दाखवणारं छोटं मशीन घेऊन सात महिने झाले. लॅक्टेट पळताना स्नायूत बनतं, आणि एखाद्या वेगाला आकडा जितका कमी तितका तो वेग साधारणपणे शरीराला सोपा. पहिल्या महिन्यात मी हे परत करायलाच निघालो होतो, कारण आरामात पळताना १.४ यायला हवं तिथे ५.८ यायचं. सर्व्हिसवाल्याशी दोनदा भांडलो, त्याचं एकच, "सर, स्ट्रिप खराब असेल." खराब काही नव्हतं, घाम होता. घामात लॅक्टेट रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं, बोटावर जरासा राहिला तरी आकडा फुगतो. आता बोट पाण्याने धुतो, कोरडं करतो, पहिला थेंब पुसतो, दुसरा घेतो. पण हे शिकेपर्यंत अकरा स्ट्रिप वाया गेल्या त्या गेल्याच, आणि बॉक्समधल्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही!

माझी टेस्ट म्हणजे ट्रेडमिलवर ९ ते १३ च्या स्पीडला पाच-पाच मिनिटं, प्रत्येक टप्प्यानंतर एक थेंब. सुरुवातीला १२ ला ३.९ आलं, १३ ला ६.८. तिसऱ्या महिन्यात १२ ला थेट २.२, मी खूश, ग्रुपवर फोटो पण टाकला. मग लक्षात आलं की पाय तर दगडासारखे होते, आणि शेवटी दम निघेपर्यंत पळूनसुद्धा आकडा ५ च्या वर गेला नव्हता. आदल्या दिवशी २८ किलोमीटर पळून नीट जेवलोच नव्हतो. स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, कमी असली की लॅक्टेटच कमी बनतं, त्यामुळे फिटनेस वाढल्यासारखा दिसतो. तीन दिवस पोटभर खाऊन परत टेस्ट केली, १२ ला ३.३. म्हणजे सुधारणा होती, पण फोटो टाकण्याएवढी नाही. पोस्ट डिलीट केली.

तरी मत बदललं ते मागच्या आठवड्यात. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते, मास्क लावून लॅबमध्ये दोनदा मोजलं होतं, सुरुवातीला ५१ आणि आता ५२, म्हणजे जवळपास तेच. ते मुख्यतः हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलतं यावर अडतं आणि काही वर्षं पळणाऱ्यात सहज हलत नाही. पण १२ ला आता २.३ येतं आणि १३ ला ४.१! इंजिन तेवढंच, पण त्याचा जास्त भाग बराच वेळ वापरता येतो, कारण स्नायूत मायटोकॉन्ड्रिया आणि केशवाहिन्या वाढल्या की लॅक्टेट कमी साठतं आणि बनलेलं तिथेच इंधन म्हणून जळतं. नुसत्या लॅबवर राहिलो असतो तर सात महिने फुकट गेले असंच वाटलं असतं.

एक मात्र, ४ आकडा म्हणजे थ्रेशोल्ड, म्हणजे लॅक्टेट झपाट्याने साठायला लागतं ती पातळी, असं धरून बसू नका. वेग आणि लॅक्टेटच्या आलेखात माझी रेष ३ च्या आसपासच वर वळते, सोबतच्याची ५ ला. स्वतःची रेष काढा, आणि दर वेळी आदल्या दिवशी तेच जेवण, तेच आराम.

स्ट्रिपचा खर्च बघता आता दोन महिन्यांतून एकदाच टेस्ट करतो. पाच पैकी साडेतीन स्टार, अर्धा त्या कागदामुळे कापला.