पडवीतल्या पडद्यासाठी कोणती फाइल उतरवावी?

गणपतीत चाकरमानी गावी आले की गुहागरजवळच्या आमच्या वाडीत एका संध्याकाळी पडवीत चादर ताणून जुने, स्वामित्वहक्क संपलेले माहितीपट दाखवतो. ते इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावरून घेतो. तिथे एकाच चित्रपटाच्या चार-पाच फाइली असतात आणि पहिला मोह सगळ्यात मोठीचा होतो.

त्या मोहाची किंमत आधी सांगतो. दहा मिनिटांच्या चित्रपटाची प्रोरेस या संपादनासाठीच्या प्रकारातली `.mov` फाइल 1080 ओळींची असेल, तर साधारण 9 जीबी भरते. आमच्याकडे 4 एमबीपीएस मिळालं तरी तिला पाच तास लागतात. शिवाय FAT32 पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि स्वस्त प्रोजेक्टर तर प्रोरेस वाचतही नाही. चित्रपट पुन्हा संपादित करायचा किंवा त्याचे डाग काढायचे असतील तरच ती घ्यावी.

दुसऱ्या टोकाला `_512kb.mp4`. तेवढाच चित्रपट जेमतेम 38 एमबीत येतो. फोनवर चालतो, पण आठ फुटी चादरीवर चेहरे मेणाचे दिसतात. चित्रपट दाखवण्यालायक आहे का, एवढं चाळून बघायला मात्र हीच बरी.

खरी निवड मधल्या दोघांत असते: एमपेग-2 आणि H.264. टेपवरून केलेल्या जुन्या एमपेग-2 फाइली पुष्कळदा इंटरलेस्ड असतात, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. माणूस आडवा चालला की त्याच्या कडेला फणीचे दात दिसतात. लॅपटॉपवर व्हीएलसीत डीइंटरलेस चालू केलं की ते जातात. याच फाइलीवरून बनवलेल्या H.264 प्रतीत दात चित्रातच मुरले असतील, तर मग इलाज नाही. म्हणून लॅपटॉप जोडणार असाल तर एमपेग-2 घ्या (दहा मिनिटांना 450 एमबीच्या आसपास). पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावणार असाल तर H.264, पण आधी एखादा धावपळीचा प्रसंग बघून.

आता 'ओरिजिनल' या शब्दाबद्दल. अर्काइव्हवर प्रत्येक चित्रपटाच्या नोंदीला आयटम म्हणतात; त्याच्या फाइलींची यादी असलेल्या `_files.xml` मध्ये हे दिसतं:

```
<file name="film.mpeg" source="original">
<file name="film_512kb.mp4" source="derivative">
```

इथे ओरिजिनल म्हणजे कुणीतरी चढवलेली फाइल, फिल्मच्या रिळाचा स्कॅन नव्हे. घासलेल्या व्हीएचएसवरून चढवलेलीही ओरिजिनलच. ती मोठी करून 1080 ओळींची केलेली असली तरी तपशील वाढत नाही. पूर्ण पडदा करून पाटीवरची बारीक अक्षरं वाचा. तीच फुटकी असतील तर जीबी मोजण्यात अर्थ नाही, लहान प्रत घ्या.

पावसात लाइन गेली की डाउनलोड अर्धवट राहतं. आम्ही डाउनलोडसाठी `wget -c` ही कमांड वापरतो, म्हणजे तुटलं तिथूनच पुढे सुरू होतं.