सीओपीडी आणि झोपेची गोळी: क्लोनाझेपाम, झोल्पिडेम की मेलाटोनिन?

सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या अनेक रुग्णांना रात्री नीट झोप लागत नाही, आणि मग एखादी साधी झोपेची गोळी घ्यावी का, असा प्रश्न घरात निघतो. त्याचे उत्तर केवळ गोळीच्या नावावरून देता येत नाही. रुग्णाच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड आधीच वाढलेला आहे का, हे कळल्याशिवाय पुढील तुलनेला फारसा अर्थ नाही, म्हणून आधी तेवढे समजून घेऊ.

निरोगी माणसाच्या धमनीतील रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिमी पारा असतो. झोपेत श्वास थोडा उथळ होत असल्याने तो सर्वांमध्येच काही अंकांनी चढतो. सीओपीडीमध्ये फुफ्फुसे फुगून पडदास्नायू, म्हणजे डायफ्रॅम, सपाट झालेला असतो आणि दिवसा मान व बरगड्यांचे स्नायू श्वासाला हातभार लावत असतात. स्वप्नांच्या झोपेत हे मदतीचे स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार त्या सपाट, थकलेल्या पडद्यावर येतो. गोळी घेण्यापूर्वीच रात्र जड असते ती अशी.

त्यात गोळीने श्वासाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झाले असे धरू. शरीरात तयार होणारा वायू तेवढाच राहिला, तर त्याचा रक्तातील दाब फुफ्फुसांत उपयोगी पडणाऱ्या श्वासाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ज्याचा दाब ४० होता त्याचा ४७ होईल, आणि तो बहुधा काहीही न जाणवता सकाळी उठेल. ज्याचा ५५ होता त्याचा मात्र जवळपास ६५ होईल. गोळी तीच आणि श्वासातील घटही तेवढीच असली, तरी दुसऱ्या माणसाला तिची किंमत अधिक मोजावी लागते. शेजाऱ्याला सोसलेली गोळी आपल्यालाही सोसेल, हा तर्क येथे उपयोगी पडत नाही.

वाढलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतो, आणि त्यातून सकाळची डोकेदुखी उद्भवते. तिची ओळख वेळेवरून पटते: जाग येताच डोके जड असते, आणि उठून हालचाल सुरू झाली, श्वास खोल झाला, की तासा-दोन तासांत ते उतरते. डोके दिवसभर किंवा संध्याकाळी दुखत असेल, तर कारण बहुधा वेगळे असते. डोकेदुखीसोबत सकाळी गोंधळल्यासारखे वाटणे आणि दिवसा पेंग येणे, ही जोडी अधिक बोलकी आहे.

आता पर्याय शेजारी ठेवून पाहू. क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम या बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या झोप खात्रीने आणतात. परंतु वाढत्या कार्बन डायऑक्साइडला मेंदूने देण्याचा प्रतिसाद त्या मंदावतात, घशाचे स्नायू ढिले करतात आणि श्वास अपुरा पडला असता जी जाग यायला हवी तीच दाबून टाकतात. यातील तिसरी गोष्ट मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण जाग येणे हा या रुग्णाचा शेवटचा बचाव असतो. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हा दुसरा आजारही सोबत असेल, तर ढिला घसा आणखी महागात पडतो. शिवाय क्लोनाझेपामची निम्मी मात्रा शरीरातून जायला ३० ते ४० तास लागतात, म्हणजे रोजच्या सेवनात कालची गोळी संपण्याआधी आजची येऊन मिळते. डायझेपाम तर याहूनही रेंगाळते.

झोल्पिडेमची निम्मी मात्रा अडीच-तीन तासांत निघून जाते. म्हणून ती तुलनेने सौम्य मानली जाते, आणि कार्बन डायऑक्साइड न वाढलेल्या, स्थिर रुग्णात थोड्या रात्रींसाठी डॉक्टर ती देऊ शकतात. मात्र ती मेंदूतील त्याच यंत्रणेवर काम करते, आणि वयस्कांत तिचा निचरा मंदावतो. ज्यांचा कार्बन डायऑक्साइड वाढलेला आहे, त्यांच्यासाठी तिला सुरक्षित म्हणणे मला पटत नाही. ओपिऑइड वेदनाशामके, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे किंवा मद्य यांपैकी काहीही सोबत असेल, तर या दोन्ही गटांना स्पष्ट नकार द्यावा.

मेलाटोनिन आणि त्याच वाटेने काम करणारे रॅमेल्टिऑन यांनी श्वास मंदावण्याचा धोका नगण्य आहे. पण झोपेवरील परिणामही माफक आहे. डोळा थोडा लवकर लागतो, मध्यरात्रीची जाग थांबेलच असे नाही. तरीही सुरुवात करायचीच असेल, तर मी याच बाजूने करावी म्हणेन. दुकानात सहज मिळणाऱ्या सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या मात्र पर्याय नव्हेत. त्यांनी कफ सुकतो, लघवी अडते आणि वयस्क माणूस गोंधळतो.

या सगळ्याआधी झोपमोडीचे कारण शोधावे लागते. रात्रीची थिओफिलिनची मात्रा किंवा संध्याकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन स्वतःच झोप उडवते, आणि डॉक्टरांना विचारून वेळ बदलली की पुष्कळदा प्रश्न तेथेच मिटतो.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. ६७ वर्षांचे गृहस्थ, घरी मिनिटाला १ लिटर ऑक्सिजन, आणि तीन महिन्यांपासून रात्री क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम. सकाळी सहाला डोके दुखते, आठपर्यंत थांबते. बोटावरचा ऑक्सिमीटर ९४ दाखवतो, म्हणून घरचे निश्चिंत असतात. तरीही डोकेदुखी ऑक्सिजन कमी पडल्यामुळे असावी असे समजून ते प्रवाह ३ लिटर करतात. डोकेदुखी वाढते. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, आणि बाहेरून ऑक्सिजन सुरू असताना त्याचा आकडा चांगला दिसत असतानाच हा वायू साचू शकतो. अशा रुग्णांत लक्ष्य साधारण ८८ ते ९२ ठेवतात ते याचसाठी. धमनीतून रक्त काढून केलेल्या एबीजी तपासणीत कार्बन डायऑक्साइडचा दाब ५८, आम्लता सावरणारे बायकार्बोनेट ३२ आणि रक्ताची आम्लता दाखवणारा पीएच ७.३६ येतो. पीएच जवळपास ठीक आणि बायकार्बोनेट चढलेले, याचा अर्थ मूत्रपिंडांनी अनेक दिवसांपासून हा भार सावरून धरला आहे. हे एका वाईट रात्रीचे काम नव्हे.

येथे गोळी एका झटक्यात बंद करणे चूक ठरते, कारण बेंझोडायझेपिन अचानक थांबवल्यास अस्वस्थता आणि क्वचित झटके येतात. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने, साधारण दर दोन आठवड्यांनी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी अशी उतरवतात आणि ऑक्सिजनचा प्रवाह पुन्हा ठरवून देतात. गोळी सुटल्यावर एबीजी पुन्हा करतात. समजा दाब ५१ आला आणि डोकेदुखी गेली, तर गोळीचा वाटा स्पष्ट झाला. मात्र ५१ हा आकडाही जास्तच आहे, म्हणून रात्रभर कार्बन डायऑक्साइड मोजून मुखवट्यातून श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅप यंत्राची गरज आहे का ते तपासले जाते. गोळी घेणाऱ्या अशा रुग्णाला सकाळी उठवणे कठीण जाऊ लागले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा पुढे केलेले त्याचे हात फडफडू लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.