थंबनेल निवडायला बँडिट: काही महिने वापरल्यानंतर

नागपुरी पदार्थांच्या व्हिडिओंची आमची स्वतःची वेबसाइट आहे, त्यामुळे कुणाला कोणतं थंबनेल दाखवायचं हे आमच्याच सर्व्हरवर ठरतं. पूर्वी सगळी थंबनेलं सारख्या वाट्याने दाखवायचो. आता ते काम बँडिट करतो, म्हणजे येणाऱ्या क्लिकांवरून थंबनेलांचे वाटे सतत बदलत राहणारी पद्धत. आमचा प्रकार थॉम्पसन सॅम्पलिंग. पद्धत 1933 सालची, गाभा एका ओळीचा:

```python
random.betavariate(1 + clicks, 1 + misses)
```

पान उघडलं की प्रत्येक थंबनेलसाठी हा आकडा काढायचा आणि सगळ्यात मोठा ज्याचा, ते दाखवायचं. `misses` म्हणजे दाखवलं, पण क्लिक आला नाही. सुरुवातीला माहिती थोडी असल्यामुळे आकडे खूप वरखाली होतात आणि सगळ्यांनाच संधी मिळते. माहिती साठत जाते तसं चांगलं थंबनेल जास्त दिसू लागतं.

तर्री पोह्याच्या व्हिडिओला चार थंबनेलं होती. पोह्यांवर लालभडक तर्री ओततानाच्या क्लोजअपला 7 टक्के क्लिक मिळत होते, उरलेल्यांपैकी दोघांना 4 आणि एकाला 3. व्हिडिओ 4,000 वेळा दिसला आणि वाटे सारखे असले, तर 180 क्लिक होतात. क्लोजअप 2,800 वेळा आणि बाकीची 400-400 वेळा दिसली, तर 240. आमच्या व्हिडिओंचे बहुतेक क्लिक पहिल्या दोन दिवसांतच येतात. चाचणी संपवून विजेता लावेपर्यंत गर्दी ओसरलेली असते, म्हणून इथे बँडिट खरोखर कामाला येतो.

पण त्याच्या आकड्यांवरून थंबनेलांची तुलना करू नका. समजा अ आणि ब अगदी सारखीच आहेत: सकाळी नाश्त्याच्या वेळेला दोघांना 8 टक्के, रात्री 4 टक्के. सकाळी दोन्ही 500-500 वेळा दिसली, रात्री मात्र बँडिट अ कडे झुकला होता, म्हणून अ 900 वेळा आणि ब 100 वेळा. एकूण बेरजेत अ ला 1,400 पैकी 76 क्लिक, म्हणजे 5.4 टक्के, ब ला 600 पैकी 44, म्हणजे 7.3. फरक नसताना ब सरस दिसतं, आणि याच बेरजेवर चालणारा बँडिटही मग त्याच्यामागे धावतो. एखादं थंबनेल विनाकारण पुढे-मागे होताना दिसलं, तर आधी तासावार आकडे बघा. यावर आमचा उपाय असा: दहा टक्के लोकांना कायम समान वाट्यानेच दाखवायचं आणि तुलना फक्त त्यांच्यावरून करायची.

'क्लोजअप घ्यावा की माणसाचा चेहरा' असा पुढच्या सगळ्या व्हिडिओंना लागू होणारा प्रश्न असेल, तर मी आजही ठरावीक वाट्याचीच चाचणी लावते. तिथे फरक नेमका किती आहे हे हवं असतं, आणि मागे पडलेल्या थंबनेलाची पुरेशी माहिती बँडिट गोळाच करत नाही. दोनच थंबनेलं आणि दिवसाला शे-दोनशे प्रेक्षक असतील, तर बँडिटच्या भानगडीत पडू नका. एवढ्या क्लिकांत त्यालाही काही उमगत नाही.