सीकंट सूत्राची शीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे फॅब्रिकेशनचे लहानसे वर्कशॉप आहे. पोटमाळे, टाक्यांचे स्टँड, शेडला जोडलेले प्लॅटफॉर्म अशी कामे आम्ही करतो, आणि या कामांत लोड कॉलमच्या बरोबर मध्यातून जातो असे जवळजवळ कधीच होत नाही. आठ महिन्यांपूर्वी मी सीकंट सूत्राची, म्हणजे मध्यापासून बाजूला लोड आलेल्या कॉलममधला कमाल स्ट्रेस काढणाऱ्या सूत्राची, एक एक्सेल शीट तयार केली आणि तेव्हापासून बाजूला लोड येणारा प्रत्येक कॉलम तिच्यातून तपासून पाहतो. नियमाप्रमाणे करावयाची तपासणी आयएस 800:2007 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकानुसारच होते. ही शीट तिच्या जोडीला आहे. तिने काय शिकवले आणि कुठे फसवले, ते मी एकाच कॉलमच्या आधारे लिहीत आहे, कारण त्या एका कामात जवळजवळ सगळेच प्रश्न समोर आले.

दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्ष पॅकिंग शेडमध्ये खोकी ठेवण्यासाठी पोटमाळा करायचा होता. भिंतीच्या बाजूचे कॉलम चार इंची पाइपचे होते: बाहेरचा व्यास 114.3 मिलीमीटर, जाडी 4.5 मिलीमीटर, यील्ड स्ट्रेस 240 मेगापास्कल आणि उंची 3.6 मीटर. या पाइपचे क्षेत्रफळ 1552 चौरस मिलीमीटर आणि परिभ्रमण त्रिज्या 38.85 मिलीमीटर येते. कॉलमचे डोके टायने भिंतीला बांधलेले असल्यामुळे दोन्ही टोके पिनसारखी धरली. बीम कॅप प्लेटवर टेकतो, पण भिंतीमुळे तो पूर्ण प्लेटवर पोहोचत नाही, म्हणून ड्रॉइंगमध्ये उत्केंद्रता, म्हणजे लोडचे कॉलमच्या मध्यापासूनचे अंतर, 30 मिलीमीटर होती. प्रत्येक कॉलमवर 58 किलोन्यूटन, म्हणजे साधारण सहा टन, लोड येणार होता.

शीटमधील मुख्य ओळ अशी आहे. B1 मध्ये लोड न्यूटनमध्ये, B2 मध्ये क्षेत्रफळ, B3 मध्ये उत्केंद्रता, B4 मध्ये मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर, B5 मध्ये परिभ्रमण त्रिज्या, B6 मध्ये प्रभावी लांबी आणि B7 मध्ये 200000 हा स्थितिस्थापकता गुणांक लिहायचा.

```
=B1/B2*(1+B3*B4/B5^2/COS(B6/(2*B5)*SQRT(B1/(B7*B2))))
```

कोसाइन भागाकारात आहे, तोच सीकंट. कोन रेडियनमध्येच राहतो, त्यामुळे अंशांत रूपांतर करण्याचा मोह टाळावा. हा कोसाइन काढून टाकला तर उरते ते आपण डिप्लोमाला शिकलेले साधे सूत्र, म्हणजे थेट स्ट्रेस अधिक वाकण्याचा स्ट्रेस. फरक एवढाच की साधे सूत्र कॉलम वाकल्यावर लोडची रेषा मध्यापासून आणखी दूर जाते हे लक्षात घेत नाही. 30 मिलीमीटर उत्केंद्रतेला साधे सूत्र 174 किलोन्यूटनला यील्ड दाखवते, तर सीकंट सूत्र 127.5 ला. या पाइपपुरते बोलायचे तर साध्या सूत्रावर विसंबणे म्हणजे जवळजवळ पाच टनांची चूक पदरात घेणे होय.

यील्डच्या लोडला 2 ने भागायचे, असा आमचा घरचा नियम आहे. म्हणून चालणारा लोड 63.7 किलोन्यूटन आला, म्हणजे 58 ला पुरेसा. इथपर्यंत सगळे सुरळीत होते.

बीम उभे झाल्यावर मी जागेवर गेलो आणि सवयीने गुण्या आणि टेप घेऊन टेकण मोजले. कॅप प्लेट 200 मिलीमीटर चौरस. ड्रॉइंगप्रमाणे बीमचे टोक पाइपच्या मध्यरेषेपलीकडे 40 मिलीमीटर जायला हवे होते. प्रत्यक्षात ते 10 मिलीमीटरच गेले होते. कटिंगच्या वेळी बीम 30 मिलीमीटर आखूड झाला होता, आणि ती चूक आमच्याच वर्कशॉपची होती. टेकणाची लांबी 30 ने कमी झाली की तिचा मध्य 15 ने आतल्या बाजूला सरकतो, म्हणून उत्केंद्रता 30 वरून 45 झाली. फिटरचे म्हणणे होते की तीस मिलीमीटरने काय बिघडते, बीम प्लेटवर तर नीट बसला आहे.

मी शीटमध्ये 58 किलोन्यूटन आणि 45 मिलीमीटर टाकले, तेव्हा कमाल स्ट्रेस 116 मेगापास्कल आला. यील्डचा अर्धा म्हणजे 120, त्यामुळे एका नजरेत हा कॉलम पास होता, आणि खरे सांगायचे तर पहिल्या दोन महिन्यांत मी अशाच प्रकारे कॉलम पास करत होतो. पण त्याच उत्केंद्रतेला यील्डचा लोड काढला तर तो 104 किलोन्यूटन येतो आणि त्याचा अर्धा 52. म्हणजे स्ट्रेसच्या हिशेबाने पास झालेला कॉलम लोडच्या हिशेबाने सहा किलोन्यूटनने नापास होता.

या दोन उत्तरांतला फरक कळला की सीकंट सूत्र बरेचसे कळले असे मी म्हणेन. लोड आणि स्ट्रेस इथे एका प्रमाणात वाढत नाहीत, कारण लोड सूत्रात दोनदा येतो: एकदा बाहेर आणि एकदा सीकंटच्या आत. 30 मिलीमीटरच्या मूळ कॉलमवर 63.7 किलोन्यूटन असताना स्ट्रेस फक्त 100 मेगापास्कल असतो. लोड बरोबर दुप्पट केला की तो 200 न होता 240 होतो. त्यामुळे आधी स्ट्रेसला 2 ने भागून मग लोड शोधला, तर त्याच कॉलमला 74.3 किलोन्यूटन चालतील असे उत्तर मिळते, आणि आपण ज्याला दोनचा फॅक्टर समजतो तो प्रत्यक्षात 1.72 असतो. सुरक्षेचा भागाकार लोडला करायचा, स्ट्रेसला नाही. आता शीटमध्ये कमाल स्ट्रेसचा रकाना मी राखाडी करून टाकला आहे, जेणेकरून निर्णय त्याच्याकडे बघून होणार नाही.

पोटमाळ्याचे काय केले, तेही सांगतो. बीम बदलण्याऐवजी प्रत्येक टेकणाखाली 50 मिलीमीटर रुंद आणि 12 मिलीमीटर जाड पट्टी वेल्ड केली, तीही बीमच्या टोकाला लागून. त्यामुळे बीम आता पूर्ण प्लेटवर न टेकता फक्त पट्टीवर टेकतो आणि उत्केंद्रता 15 मिलीमीटर उरते. बीमच्या दुसऱ्या टोकालाही तेवढेच पॅकिंग द्यावे लागले. यील्डचा लोड 169 किलोन्यूटन झाला आणि चालणारा 84.5, आखूड बीम असूनही हे उत्तर मूळ ड्रॉइंगपेक्षा चांगले आहे. पट्टीचा आणखी एक फायदा आकड्यांत दिसत नाही. रुंद टेकणावर बीम लोडखाली झुकला की त्याचे टोक किंचित फिरते आणि दाब प्लेटच्या आतल्या कडेवर जमा होतो, म्हणजे ड्रॉइंगमधील 30 मिलीमीटर हा आकडा मुळातच आशावादी होता. अरुंद पट्टीवर दाबाला फार सरकायला जागाच नसते.

शीटबद्दलची माझी मोठी तक्रार गोल सीकबद्दल, म्हणजे हवे ते उत्तर जुळेपर्यंत आकडा बदलत राहणाऱ्या एक्सेलच्या सोयीबद्दल आहे, आणि दोष सूत्राच्या स्वभावाचा आहे. यील्डचा लोड सरळ सोडवता येत नाही, अंदाज करत शोधावा लागतो. एकदा याच पाइपसाठी 6.6 मिलीमीटर उत्केंद्रता टाकून मी सुरुवातीचा अंदाज पाचशे किलोन्यूटनचा दिला, आणि शीटने शांतपणे 676 किलोन्यूटन असे उत्तर दिले. खरे उत्तर 215 च्या आसपास आहे. या लांबीला ऑयलरचा लोड, म्हणजे ज्या लोडला अगदी सरळ कॉलमही बाजूला वाकून जातो तो, 357 किलोन्यूटनच आहे. त्याच्या पलीकडे कोसाइन ऋण होतो, सूत्राला भौतिक अर्थ राहत नाही, पण गणित म्हणून कुठेतरी 240 हा आकडा पुन्हा जुळतो आणि गोल सीक समाधानाने थांबते. आता मी ऑयलरचा लोड आधी वेगळ्या रकान्यात काढतो आणि शून्य ते त्या लोडच्या दरम्यान अर्धे-अर्धे करत शोधतो. त्या टापूत स्ट्रेस लोडबरोबर सतत वाढतच जातो, त्यामुळे उत्तर एकच मिळते.

6.6 हा आकडा कुठून आला, हेही सांगायला हवे. उत्केंद्रता शून्य टाकली तर सूत्र कॉलमला ऑयलरच्या लोडपर्यंत थेट स्ट्रेसशिवाय काहीच होत नाही असे सांगते, आणि तसा सरळ पाइप बाजारात मिळत नाही. म्हणून मध्यावर लोड असलेल्या कॉलमसाठीही उत्केंद्रता गुणोत्तर, म्हणजे B3 गुणिले B4 भागिले B5 चा वर्ग, 0.25 धरण्याची जुनी पद्धत आहे. या पाइपला ते 6.6 मिलीमीटर होते. आपल्याकडे आयएस 800 च्या 1962 च्या आवृत्तीत सीकंट सूत्रच होते, 1984 ला मर्चंट-रँकिन आले आणि 2007 ला पेरी-रॉबर्टसन. पेरी-रॉबर्टसनमध्येही मूळ कल्पना हीच आहे की कॉलम आधीपासून थोडा वाकडा असतो.

उणिवा दोनच सांगतो. सूत्र दोन्ही टोकांना सारखीच उत्केंद्रता धरते. आमच्या कॉलमचा पाया मध्यावर आहे, त्यामुळे इथे ते सुरक्षित बाजूला चुकते आणि थोडे पोलाद जास्त लागते. ते मला मान्य आहे. दुसरी उणीव सूत्राची नाही, ते वापरणाऱ्याची आहे, आणि ती प्रभावी लांबीत लपलेली असते.

काम पूर्ण होऊन तीन महिने झाल्यावर पॅकिंग शेडच्या मालकांचा फोन आला. ट्रॉली आत-बाहेर करायला अडचण होते, म्हणून भिंतीकडचा एक टाय कापून तिथे दरवाजा काढला तर चालेल का, असे ते विचारत होते. कॉलमला तर हात लावायचा नव्हता. मी थांबा म्हणालो आणि शीटमध्ये फक्त B6 बदलले. टाय गेला की डोके मोकळे होते, कॉलम खालून धरलेल्या काठीसारखा होतो आणि 3.6 मीटरच्या जागी 7.2 मीटर धरावे लागतात. यील्डचा लोड 169 वरून 74 वर आला, आणि चालणारा 37 वर, तेही पाया पूर्ण घट्ट धरला आहे असे मानून. वर खोक्यांचा 58 किलोन्यूटन लोड तसाच होता. मी त्यांना म्हटले, "साहेब, टाय कापलात तर एक तृतीयांशाहून जास्त खोकी खाली उतरवावी लागतील." त्यांनी दरवाजा पलीकडच्या गाळ्यात काढला, जिथे टाय नाही, आणि ट्रॉली आता थोडा वळसा घेऊन जाते.