प्रकरणांच्या टाइमलाइन की कम्पाउंड क्लिप?

दीड तासाचा माहितीपट डाविंची रिझॉल्व्हमध्ये लावणाऱ्या एका मित्राने विचारलं, की प्रत्येक प्रकरणाची वेगळी टाइमलाइन करून मुख्य टाइमलाइनवर ओढू, की सगळं एकाच टाइमलाइनवर ठेवून तुकडे एकत्र बांधून त्यांच्या कम्पाउंड क्लिप करू?

सुरुवातीची मेहनत कम्पाउंड क्लिपला कमी. क्लिप निवडायच्या, राइट क्लिक, `New Compound Clip`, झालं. नको वाटली तर `Decompose in Place` ने पुन्हा सुटी होते. वेगळ्या टाइमलाइन करायच्या तर प्रकरणांची विभागणी मात्र आधी ठरवावी लागते.

खरी कसोटी दुरुस्तीची. समजा, सहा मिनिटांच्या तिसऱ्या प्रकरणातून आत जाऊन २० सेकंद काढले. दोन्ही पद्धतींत बाहेरच्या क्लिपची लांबी आपोआप बदलत नाही, शेवटी २० सेकंद काळा पडदा राहतो. तो हाताने ट्रिम करून पुढचं सगळं मागे ओढावं लागतं. बाहेर त्या क्लिपचे तुकडे केले असतील तर कट भलत्याच ठिकाणी पडतात. म्हणून बाहेर कापू नका, कापायचं ते आतच.

आवृत्त्या जपायला टाइमलाइन सरस: बदलाआधी प्रकरणाची नक्कल करून ठेवता येते. उलट कम्पाउंड क्लिप कॉपी करून दोन जागी लावली की आतला बदल दोन्हीकडे जातो. शीर्षकपट्टीसाठी हे सोयीचं, वेगळी आवृत्ती हवी असेल तर घातक.

लांब, प्रकरणवार कामाला वेगळ्या टाइमलाइन घ्या. दहा थरांचं ग्राफिक किंवा वारंवार येणारी पट्टी असेल तर कम्पाउंड क्लिप.