बजेट थ्रीडी प्रिंटर, सात महिने: फ्रेम काटकोनात, कनेक्टर जळका

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला प्रिंट लावली. बेड, म्हणजे प्रिंट जिच्यावर बनते ती तापणारी पाटी, ५२ अंशांवर अडकला, स्क्रीनवर `Heating Failed`, आणि खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास. बोर्डाचं झाकण काढलं तर बेडच्या वायरींचा कनेक्टर एका बाजूने तपकिरी पडलेला.

राग स्वतःचाच जास्त आला, कारण जोडणीच्या दिवशी मी फ्रेमवर अख्खी दुपार घालवली होती. नौपाड्यातल्या आमच्या घरात खरी सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. आईची बोलणी खात प्रिंटर तिथे ठेवला. उभ्या खांबांचे खालचे बोल्ट ढिले केले, सुताराचा गुण्या लावला आणि बोल्ट आलटून-पालटून आवळले. चौकटीच्या दोन कर्णांत २ मिमी फरक होता, तो अर्ध्यावर आला. एक्सची आडवी पट्टी हाताने वरपर्यंत नेली, कुठेही अडकली नाही. तेव्हा वाटलं, झालं काम.

वायरिंगला मी दिला एक मिनिट. पॉवर सप्लायची बारीक लाल कळ ११५ वर होती, ती प्लग लावण्याआधी २३० वर केली. एवढं तरी सुचलं, नाहीतर पहिल्याच दिवशी धूर. बोर्डाकडे मात्र पाहिलंच नाही, ‘कारखान्यातून आवळूनच येतं’ म्हणून.

आवळलेलं होतं, पण वायरीची टोकं कथिलात बुडवलेली होती. इथेच गोम आहे. हे कथिल, म्हणजे सोल्डर, मऊ असतं. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि पकड सुटते. माझा बेड २४ व्होल्टवर साधारण २२० वॉट खातो, म्हणजे ९ अँपिअर. ढिल्या जोडात नुसता ०.१ ओहम रोध आला तरी तिथे ८ वॉट उष्णता, तीही नखाएवढ्या प्लास्टिकात. ती उष्णता सोल्डर आणखी मऊ करते. म्हणून हे पहिल्या दिवशी दिसत नाही, महिन्यांनी दिसतं. खूण आधीपासून होती: बेडला ६० अंश गाठायला दर महिन्याला जास्त वेळ लागत होता. मी पावसाळ्याला दोष देत बसलो.

विक्रेत्याने आधी अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला, मग ‘स्क्रू तपासणं ग्राहकाचं काम’ म्हणून हात वर केले. मग वायर कथिलात का बुडवता, याला उत्तर नाही. बोर्ड साडेतीन हजारांना पडला.

नव्या बोर्डाला जोडताना प्लग काढून कथिलाचे तुकडे छाटले, वायर सोलली, टोकांवर फेरूल, म्हणजे धातूच्या बारीक नळ्या, दाबले. हत्यारासकट सातशे रुपये. प्रत्येक वायर ओढून पाहिली, पॉवर सप्लायकडचीसुद्धा. तिथला एक स्क्रू पाव फेरा फिरला.

फ्रेमबद्दल तक्रार नाही. छापलेल्या १०० मिमी चौकोनाचे दोन्ही कर्ण आजही १४१ च्या वर सारखेच येतात. पंधरा दिवसांनी बोर्डाच्या स्क्रूंना पुन्हा ड्रायव्हर लावला, एकही हलला नाही. आई मात्र अजून ओटा मागतेय.